पिकअप झोनपर्यंतचा निरोप

हल्ली मुलगी बघायला कोणी कोणाच्या घरी जात नाही. आमच्या नात्यात तरी गेल्या काही वर्षांत हे कार्यक्रम मॉलमध्ये होतात. मला ते पटतं. घर आवरायला नको, शेजाऱ्यांच्या नजरा नकोत, आणि नकार द्यायचा झाला तर कोणी कोणाचे पोहे खाल्लेले नसतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी आम्ही अशा नऊ भेटी केल्या. त्यातली नववी ठाण्याच्या हायवेवरच्या एका मॉलमध्ये झाली, रविवारी दुपारी.

मुलाकडचे ऐरोलीचे. बहीण आंबिवलीला राहते, मी डोंबिवलीला. ठाणे सगळ्यांना मधलं. बहिणीचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे अशा ठिकाणी मोठं माणूस म्हणून मी जाते. बोलणी करणं, होकार-नकार कळवणं ही कामं माझी. मला त्याचं काही विशेष वाटत नाही. मी सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली आहेत. कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला नाही हे तोंडावर सांगायची सवय आहे.

भाची एकतीस वर्षांची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, दुपारी लॅबमध्ये बसते. बोलायला कमी, पण जे बोलते ते ठाम.

त्या दिवशी फूड कोर्टमध्ये सहा जण एका टेबलाला बसलो. आम्ही तिघी, आणि पलीकडे मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. मुलगा चौतिसाचा, एका औषध कंपनीच्या गोदामात सुपरवायझर. शर्ट इतका नवा की घडीच्या रेघा दिसत होत्या. दोघांना पलीकडच्या टेबलावर पंधरा मिनिटं बोलायला पाठवलं. मी लांबून बघत होते. दोघंही नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखी ताठ बसलेली. परत आल्यावर मुलाची आई म्हणाली, "आम्हाला आजच रात्री कळवलंत तर बरं. दुसऱ्या एका ठिकाणचं विचारत आहेत. लोंबकळत ठेवणं बरं नाही ना."

मी म्हटलं, "कळवते. नऊच्या आत फोन करते."

मग भाची हात धुवायला उठली आणि मीही तिच्या मागे गेले. बेसिनपाशी विचारलं, "काय?"

"नाही."

"का?"

"काहीच वाटलं नाही मावशी. हॉबी विचारली तर ट्रॅव्हलिंग म्हणाला. शेवटचं कुठे गेलेलात विचारलं तर महाड."

"महाड काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण चवदार तळ्यावर आपण सगळेच जातो. नाही कळवून टाक. आईला घरी गेल्यावर सांगू, इथे नको."

असं ठरलं. म्हणजे मी फूड कोर्टमध्ये परत आले तेव्हा नकार माझ्या पर्समध्ये होता असं म्हणायला हरकत नाही. बहिणीला माहीत नव्हतं. ती मुलाच्या आईशी गुडघ्यांवर बोलत होती आणि चेहऱ्यावर आशा होती. ती आशा बघायचा मला कंटाळा आला होता. नऊ वेळा बघितली होती.

अशा वेळी एकच इच्छा असते, लवकर निघावं. नकार ठरल्यावर त्या माणसांसमोर हसत बसणं अवघड जातं. मी टेबलाखाली फोन धरून गाडी बुक केली. ॲपने विचारलं, मॉलच्या कोणत्या ठिकाणाहून बसणार, आणि खाली तीन नावं दिली. मी घाईत होते. पहिलं नाव होतं मेन एन्ट्रन्स. दाबून टाकलं.

"आमची गाडी आली," मी उठले. "निघतो आम्ही."

"जयभीम," मुलाचे वडील उठून उभे राहिले. "तुम्हाला गाडीपर्यंत सोडतो की."

"नको नको, तुमची पण असेल ना गाडी."

"आमची काय घाई आहे."

जयभीम, जयभीम, या घरी कधी, तुम्ही पण या, असं सगळं रीतसर झालं. आम्ही चार एस्कलेटर उतरून मेन एन्ट्रन्सला आलो.

तिथे उभं राहायलाच जागा नव्हती. समोर मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे, सर्व्हिस रोडची एकच लेन उरलेली, आणि शिट्टी घेतलेला वॉर्डन कोणतीही गाडी क्षणभर थांबली की बॉनेटवर हात आपटत होता. फोन वाजला. ड्रायव्हर.

"मॅडम, मेन गेटला थांबू देत नाहीत. मी पुढून वळून आत घेतो. तुम्ही बी-वनला या, पिकअप झोनला."

"बी-वन म्हणजे?"

"बेसमेंट. पहिलं. आलात की दिसेल."

फोन ठेवून वळले तर मागे मुलाकडचे तिघे उभे. त्यांनीही पहिलंच नाव दाबलं होतं. त्यांच्याही ड्रायव्हरने त्यांना हेच सांगितलं होतं. पाच मिनिटांपूर्वी निरोप घेतलेली माणसं अशी समोर आली की काय बोलायचं हे कुठल्या रीतीत नसतं. बहिणीने पुन्हा जयभीम केला. त्यांनीही केला.

"बघा, आम्हाला सोडायला यायचंच होतं," मुलाचे वडील खूश झाले. "आता बायकामाणसांना गाडीत बसवूनच जातो. बेसमेंट म्हणजे काय सांगता येत नाही."

"अहो, आम्ही रोज फिरतो," मी म्हटलं.

"असू द्या ताई."

गृहस्थ जुन्या वळणाचे होते. पाहुणा निघाला की त्याला वाहनात बसवून, वाहन हललं की मगच मागे फिरायचं, ही पद्धत त्यांनी गाव सोडल्यावरही सोडली नव्हती. पद्धत चांगली आहे. पण घरून निघताना एक यजमान असतो आणि एक पाहुणा. मॉलमध्ये कोण यजमान? आमची बहीणही त्याच वळणाची. ती म्हणाली, "नाही नाही, तुमच्या पायाला त्रास आहे, आधी तुम्हाला बसवतो." दोघांनी तिथेच पाच मिनिटं घालवली. दोन गाड्या कुठेतरी खाली उभ्या होत्या आणि त्यांचं घड्याळ चालू होतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

शेवटी सहाही जण लिफ्टमध्ये शिरलो आणि बी-वनला उतरलो.

ज्यांनी ही बेसमेंटं पाहिली नाहीत त्यांना सांगते. छत खाली, उजेड पिवळट, हवा टायरच्या वासाची. खांबांना रंग दिलेले आणि त्यावर आकडे. आम्ही उतरलो तिथे सगळे खांब पिवळे होते. गाड्या रांगेने लावलेल्या, माणूस एक नाही. पिकअप झोन असं कुठे लिहिलेलं दिसेना. फोनमध्ये बघितलं तर नकाशावर आमचा निळा ठिपका आणि गाडीचं चित्र अगदी एकावर एक. म्हणजे गाडी आमच्या अंगावर उभी असायला हवी होती. तिथे होती एक पांढरी मोठी गाडी, कव्हर घातलेली.

"नकाशाला मजले कळत नाहीत," मुलगा म्हणाला. त्या दुपारी मी ऐकलेलं त्याचं पहिलं कामाचं वाक्य. "गाडी आपल्या वर असेल नाहीतर खाली. नाहीतर इथेच भिंतीपलीकडे."

माझा फोन वाजला. आवाज तुटत होता.

"मॅडम, किधर? पाच मिनिटं झाली."

"आलोच," मी म्हटलं. "लिफ्टमध्येच आहोत. दिसतेय तुमची गाडी."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. दिसतेय म्हणायचं असतं, नाहीतर ते लोक निघून जातात. सगळेच म्हणतात.

"मी कुठे उभा आहे ते तरी सांगा," ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्हीच सांगा ना."

"ग्रीन. ग्रीन पिलर."

आणि रेंज गेली.

मुलाने पुढे होऊन दोन्हीकडे बघितलं. "हिरवे खांब या बाजूला असणार," असं ठामपणे म्हणून तो निघाला. आम्ही मागे. त्याच्या वडिलांचा पाय दुखत होता, ते बायकोच्या खांद्याला धरून चालत होते. पिवळे खांब संपले, एक उतार लागला, उताराच्या पलीकडे हिरवा रंग दिसला सुद्धा. आम्ही उतारावर पाय ठेवला आणि मागून शिट्टी वाजली. युनिफॉर्ममधला एक गार्ड धावत आला.

"ओ, ओ. पैदल मना है. ये गाडी का रॅम्प है."

"पण ते बघा ना, समोर हिरवे खांब," मुलगा म्हणाला.

"दिखता है, पर जाने का नहीं. वापस लिफ्ट से ऊपर, लोअर ग्राउंड. उधर सुपरमार्केट के बाजू से दुसरी लिफ्ट. वो ग्रीन में उतरती है. इस लिफ्ट से यलो ही आता है."

"इथून चार पावलं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, चार पावलांत गाडी येते. मागच्या महिन्यात एकाचा पाय गेलाय." गार्ड आता मराठीत आला. "तुमचं चुकलं नाही. रोज पन्नास जण इथे उभे राहून मला शिव्या घालतात. बोर्ड लावा सांगून थकलो."

"चुकलो," मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला. "सॉरी. माझ्यामुळे चाललात एवढं."

त्याचे वडील खांबाजवळच्या सिमेंटच्या कठड्यावर बसले. त्याच वेळी मुलाचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला, कारण आवाज येत नव्हता.

"सर, मी थांबलोय. किती वेळ?"

मी सवयीने वाट बघितली, आता म्हणेल, आलोच, दोन मिनिटं. तो म्हणाला, "दादा, आम्ही चुकीच्या बाजूला आहोत. वडिलांना चालता येत नाही. वर जाऊन परत खाली यायचंय, पंधरा मिनिटं तरी लागतील. तुम्ही थांबू नका."

"मग कॅन्सल करा सर तुमच्याकडून. मी केलं तर मला दंड पडतो."

"करतो. दुसरं भाडं घ्या तुम्ही."

त्याने फोन ठेवला आणि कॅन्सल केलं.

"अरे, थांबवायचंस ना त्याला," वडील म्हणाले. "दोन मिनिटं, दोन मिनिटं करत थांबतात ते."

"थांबला असता आणि मग वैतागून गेला असता बाबा. पंधरा मिनिटं आहेत तर पंधरा सांगायची."

"हरिश्चंद्र," आई म्हणाली. म्हणताना आमच्याकडे बघून हसली, जरा ओशाळी. "हा असाच आहे. ऑफिसातही यामुळे मागे राहतो."

लग्नाच्या बोलणीत हे वाक्य कोणी आई बोलत नाही. ती दमली होती म्हणून तोंडातून निघून गेलं.

तेवढ्यात माझ्या फोनवर एक मिनिटाची रेंज आली आणि कळलं की आमच्या ड्रायव्हरने आमची वाट बघून स्वतःच कॅन्सल केलं आहे. लिफ्टमध्येच आहोत असं मी त्याला सांगून बारा मिनिटं झाली होती. बहीण तेवढी म्हणाली, "ताई, तू तर म्हणालीस गाडी दिसतेय."

"दिसली असती," मी म्हटलं.

मग सगळी वरात पुन्हा वर. लोअर ग्राउंडला सुपरमार्केटची रविवारची गर्दी. ट्रॉल्या, रडणारी पोरं, बासमतीची पोती. मुलाच्या वडिलांना चालवेना. भाचीने कुठूनतरी रिकामी ट्रॉली ओढून आणली. "काका, हिला धरून चाला. वॉकरसारखी." ते आधी लाजले, मग धरून चालले. मुलाने आमच्या बहिणीच्या हातातला मिठाईचा बॉक्स आणि स्वतःच्या आईची पिशवी ट्रॉलीत टाकली. भाची पुढे, ट्रॉली मध्ये, आम्ही मागे. लोक वाट देत होते. मी एवढी दमले होते की माझ्या पर्समधल्या नकाराचं ओझंही जाणवेना.

दुसऱ्या लिफ्टपाशी माझ्या हातातून भाचीने फोन घेतला.

"मावशी, आता बुक करू नकोस."

"मग कधी? येईपर्यंत वेळ जातो."

"खाली उतरून त्या जागेवर उभं राहिल्यावर. जागेवर पोचायच्या आधी बुक करायचं नाही. आपण चालत असतो आणि तो उभा असतो, म्हणून हे होतंय."

"मी पण तेच म्हणणार होतो," मुलगा म्हणाला.

"म्हणाला नाहीत पण."

"तुम्ही आधी म्हणालात."

हिरव्या खांबांकडे उतरलो तेव्हा कुठे पिकअप झोन नावाची वस्तू दिसली. जमिनीवर पांढऱ्या रंगाने आखलेला चौकोन, एक बाक, बाकावर पाच माणसं, भोवती तीस. खांबावर ए-फोर कागद चिकटवलेला, त्यावर मार्कर पेनने बाण काढलेला. बाणाने छताकडे बोट दाखवलं होतं. बाकावरच्या एका मुलीने मुलाच्या वडिलांना जागा दिली.

भाचीने फोनवर जागा निवडताना यादीतली तिन्ही नावं वाचली. तिसरं होतं बी-वन पिकअप, ग्रीन. ते पहिल्यापासून तिथेच होतं. मी वाचलं नव्हतं. ती काही म्हणाली नाही, हे तिचं चांगलं.

ऐरोलीला जायला गाडी लगेच मिळाली. कल्याणच्या बाजूला यायला ड्रायव्हर नाराज असतात. शीळफाट्याला किंवा दुर्गाडीला अडकून पडायचं आणि परतीचं भाडं मिळेल याची खात्री नाही. पहिल्याने फोन करून विचारलं, "कहाँ जाना है?" आंबिवली ऐकल्यावर म्हणाला, "आप कॅन्सल कर दो." दुसऱ्याने तर न विचारताच केलं. तिसऱ्याने घेतली, बारा मिनिटं दाखवली.

त्यांची गाडी तोवर येऊन उभी राहिली. आता मुलाचे वडील उठेनात.

"तुमची येऊ दे. मग निघतो."

"बाबा, मागे गाड्या लागल्यात," मुलगा म्हणाला.

"लागू देत. यांना बसवल्याशिवाय मी जाणार नाही. वर सांगितलंय मी."

मागून हॉर्न सुरू झाले. गार्ड हात हलवायला लागला. आमची बहीण म्हणत होती निघा हो, ते म्हणत होते असं कसं. आई पिशवी धरून दरवाजाशी उभी, ना आत ना बाहेर. ड्रायव्हर काच खाली करून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता.

मुलगा वाकून वडिलांच्या कानाशी गेला नाही, की आवाज चढवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, तुम्ही थांबलात म्हणून यांची गाडी लवकर येणार नाही. आणि तुमचा पाय उद्या टेकायचा नाही. मग सुट्टी मला घ्यावी लागते. चला."

वडिलांना राग आला. बसले तरी. काच वर करून समोर बघत राहिले, जयभीमही केला नाही. मुलाने मिठाईचा बॉक्स आमच्या बहिणीच्या हातात दिला आणि ड्रायव्हरला ओटीपी सांगितला. मग भाचीच्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाला, "बारा मिनिटं दाखवतंय. येईलच असं नाही. पण दाखवतंय."

भाची हसली. फूड कोर्टमध्ये पाऊण तासात ती एकदाही हसली नव्हती.

गाडी गेली. आमची बाराची सतरा मिनिटं झाली, पण आली. बहीण बसल्या बसल्या म्हणाली, "म्हातारे रागावले. आता काही खरं नाही." आणि डोळे मिटले. मी पुढे बसले होते. शीळफाट्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रेलरांचे लाल दिवे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मान सीटला टेकवली. सहा वाजून गेले होते. माझे पाय सुजले होते आणि मला नऊच्या आत एक फोन करायचा होता.

"मावशी," भाची मागून हळूच म्हणाली, "आज कळवू नकोस."

"म्हणजे?"

"नाही म्हणून कळवू नकोस."

बहिणीने डोळे उघडले. "कोण नाही म्हणतंय?"

मग ते सांगावं लागलं. बेसिनपाशी काय ठरलं ते. बहिणीचं तोंड उतरलं, मग तिला राग आला, मग तिला कळेना की राग कशाचा धरायचा, कारण नकार तर आता नव्हता.

"मग होकार कळवू?" मी विचारलं. "त्यांना आजच हवंय."

"होकार पण नको. पुन्हा एकदा भेटायचंय म्हणून सांग. आम्ही दोघंच."

"असं कोण ऐकून घेतं ग," बहीण म्हणाली. "त्यांच्याकडे दुसरं स्थळ आहे. एक तर हो म्हण, नाहीतर सोड. नऊ झाली."

"आई, नऊ माझीही झाली."

"एवढं काय दिसलं तुला त्या तळघरात?"

भाची पुढे सरकली. "मी सकाळी सहाला लोकांच्या दारात उभी असते. उपाशीपोटीचं ब्लड म्हणून. बेल वाजवते, कोणी उघडत नाही. फोन करते तर म्हणतात, आलोच, खालीच आहे, मॉर्निंग वॉकला आलोय, दोन मिनिटं. अर्धा तास. पुढच्या तीन घरचे उपाशी बसलेले असतात. एकाने कधी सांगितलं नाही की पंधरा मिनिटं लागतील, तुम्ही दुसरं घर करून या." मग म्हणाली, "बास, एवढंच. यावरून लग्न करत नाहीत, मला माहितेय. पण यावरून परत भेटतात."

मी समोर बघत राहिले. मी तिच्यासमोर ड्रायव्हरला काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं, आणि तिलाही आठवत असणार. गाडीचं इंजिन सुरू झालं, दहा फूट सरकलो, पुन्हा बंद.

बहीण म्हणाली, "आणि म्हातारे रागावलेत त्याचं काय?"

"ते त्याच्यावर रागावलेत. आपल्यावर नाही."

"वडिलांना चारचौघांत असं बोलला तो."

"खोटं बोलला का?"

"खोटं नाही. पण..."

ते पण शीळफाट्यावरून कल्याणपर्यंत पुरलं. मी मध्ये पडले नाही. मला दोघींचंही पटत होतं आणि पाय दुखत होते.

मी डोंबिवलीला उतरून जाणार होते, पण बहिणीला असं सोडवेना, म्हणून आंबिवलीपर्यंत गेले. घरी पोचून चहा घेतला आणि सव्वाआठला फोन लावला. आईने उचलला. मी नेहमीच्या वळणाने सुरुवात केली, बरे पोचलात ना, दादांचा पाय कसा आहे. मग सरळ सांगितलं. आमच्याकडून आज हो नाही आणि नाहीही नाही. मुलगी म्हणते, मुलाला एकदा एकटीने भेटायचंय. तुम्हाला थांबणं जमत नसेल तर तसं सांगा, राग मानणार नाही.

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

मग ती म्हणाली, "ताई, खरं सांगू का? आमच्याकडून नाही होतं."

"बरं," मी म्हटलं.

"होतं म्हणते. तिथे वरतीच, खाऊन झाल्यावर याने सांगितलेलं. म्हणाला, मुलगी बोलतच नाही, आई. नको. म्हणून तर आम्ही तुमच्या मागोमाग उठलो, लवकर निघावं म्हणून. तर तुम्ही खाली उभ्या."

म्हणजे नकार त्यांच्याही पर्समध्ये होता. सव्वीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही.

"आता घरी आल्यावर म्हणतो, थांब, कळवू नकोस. मी म्हटलं, का रे? तर म्हणतो, त्यांनी बाबांना ट्रॉली दिली. म्हटलं, ट्रॉलीवरून सून करायची का? तर गप्प." ती हसली की उसासा टाकला ते फोनवर कळलं नाही. "हे इकडे अजून बोलत नाहीत त्याच्याशी. म्हणतात, पाहुण्यांना तळघरात सोडून आलो."

"दादांना सांगा, आम्ही व्यवस्थित पोचलो."

"सांगते. त्या दुसऱ्या स्थळाला मी दोन आठवडे थांबवते. त्याच्या वर नाही थांबवता येणार."

"दोन आठवडे ठीक आहेत."

फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात बहीण उभी होती, मागे भाची. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, त्यांचाही नकार होता तोसुद्धा. बहीण खाली बसली. म्हणाली, "म्हणजे आपण तिथे दोन्हीकडून नाही म्हणून फिरत होतो?"

"हो."

"आणि मी त्यांना आधी गाडीत बसा म्हणून आग्रह करत होते."

भाचीने विचारलं, "मी बोलत नाही म्हणाला?"

"असं त्याची आई म्हणाली."

"बरोबर आहे. नव्हतेच बोलले." आणि ती तिचा फोन घेऊन आत गेली. नंबर तिच्याकडे होता, बायोडेटावर होता. दार लावलं नाही, पण आम्ही ऐकायला गेलो नाही. बहीण जाणार होती, मी तिला हाताला धरून बसवलं आणि भात लावायला सांगितला. आम्हा दोघींनाही भूक लागली होती, आणि आत बोलणं लवकर संपेल असं वाटत नव्हतं.